लिफ्टच्या खड्ड्यातला खण

ओतूरच्या बाजारपेठेमागे चार मजल्यांची एक इमारत आहे. तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं ते माझ्या कच्च्या कामामुळे, असं निम्मे लोक अजूनही समजतात. उरलेले निम्मे जे समजतात ते त्याहून वाईट आहे. दोघांनाही तोंडी सांगून दमलो. मला राग लवकर येतो, आणि आवाज चढला की माणसं मुद्दा सोडून आवाजच ऐकतात. म्हणून लिहून ठेवतो.

मी वॉटरप्रूफिंगचं काम घेतो, तेही जमिनीखालचं. आंबेगावच्या डोंगरातल्या गावातून घोडेगावला आलो तेव्हा दुसऱ्यांच्या साइटवर घमेली उचलायचो. आज माझी स्वतःची माणसं आहेत. वर येताना कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. घासाघीस मात्र चांगली जमते. समोरच्याला नेमकं काय हवंय हे तो बोलायच्या आधी मला कळतं, असा माझा समज होता.

लिफ्ट तळमजल्यावर थांबते, पण तिच्या खाली पुरुषभर खोल खड्डा लागतो. लिफ्ट चुकून खाली घसरलीच तर तिला झेलायला त्यात स्प्रिंगा बसवलेल्या असतात. हा खड्डा इमारतीतली सगळ्यात खोल जागा, त्यामुळे जमिनीतलं पाणी पहिल्यांदा तिथे शिरतं. ते आत आल्यावर अडवण्यात अर्थ नसतो, बाहेरच अडवावं लागतं. आधी तळाला काँक्रीटचा पातळ थर. त्यावर सिमेंट-वाळूच्या मालात बसवलेली शहाबादी फरशी, सांधे भरून. त्यावर पाणी तुंबवून ते मुरत नाही याची खात्री. मग गज बांधून तळाचा जाड स्लॅब, म्हणजे राफ्ट. राफ्ट आणि भिंत एकाच वेळी ओतता येत नाहीत, म्हणून दोघांच्या सांध्यात पाणी रोखणारी पट्टी उभी ठेवतात, अर्धी खाली अर्धी वर. भिंती झाल्या की त्यांनाही बाहेरून शहाबादी फरशी आणि मागची पोकळी मालाने गच्च. म्हणजे सगळा खड्डा दगडी पेटीत बसतो. ओतूरच्या त्या इमारतीत फरशीची पेटी मी केली होती. मधलं काँक्रीट बिल्डरच्या मिस्त्रीचं. हे लक्षात ठेवा, कारण ते पुढे कुणीच लक्षात ठेवलं नाही.

त्या जागेवर पूर्वी विहीर होती, हे मला खोदतानाच दिसलं. दगडधोंडे टाकून बुजवलेली, आणि लिफ्टचा खड्डा तिच्या निम्म्या तोंडावर येत होता. मी बिल्डरला म्हटलं, लिफ्ट चार हात सरकव. तो म्हणाला, नकाशा पास झालाय. मग मी तिथला तळ जास्त मजबूत केला, फरशीचे दोन थर दिले, पाणी तुंबवून दाखवलं आणि पुढच्या साइटवर गेलो. राफ्ट ओतला तेव्हा मी तिथे नव्हतो. असायचं कारणही नव्हतं. भिंती झाल्यावर बाहेरची पेटी करायला आलो, आत उतरलो नाही.

दोन पावसाळे गेले. खड्डा कोरडा. तिसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात इमारतीच्या चेअरमनचा फोन आला. चेअरमन म्हणजे बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणतात. मोजकं बोलणारा माणूस.

"पावणं, तुमच्या खड्ड्यात पाणी आलंय."

"माझा खड्डा नाही शेठ, इमारतीचा आहे."

"बिल्डर म्हणतो तुमचा."

माझं डोकं तिथेच फिरलं. बिल्डरला फोन लावला, तो उचलेना. तोपर्यंत त्याने बाजारात बोलून टाकलं होतं, वॉटरप्रूफिंगवाल्याने घाण केली म्हणून. निरगुडसरला एक काम ठरल्यात जमा होतं, त्या मालकाने आठवड्याच्या आत दुसरा माणूस लावला. "तुमचं ते ओतूरचं निस्तरू द्या आधी," एवढंच म्हणाला. जमिनीखालचं काम कुणाला दिसत नाही. ते करणाऱ्याचं नावच बघतात, आणि माझं नाव त्या खड्ड्यात बुडालं होतं. ते बाहेर काढल्याशिवाय मला तालुक्यात काम मिळणार नव्हतं.

मी ओतूरला गेलो तेव्हा दुपार होती. लिफ्ट बंद, दारावर दोरी बांधलेली. दोरीपुढे उंबऱ्यावर अर्धं कापलेलं लिंबू आणि हळदकुंकू. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आबा बसले होते. ही जमीन त्यांची. जमिनीच्या बदल्यात त्यांना वरचे दोन फ्लॅट मिळाले होते, पण दिवसभर ते खालीच बसत, लिफ्टच्या दाराकडे तोंड करून.

मी शेठना विचारलं, "हे लिंबू कशाला?"

"पाण्यासाठी न्हाई. आवाजासाठी."

"कसला आवाज?"

शेठ पहिल्यांदाच चाचरले. म्हणाले, पाणी यायच्या आधी महिनाभर डक्टमधून आवाज यायचा. डक्ट म्हणजे लिफ्ट चढते-उतरते तो उभा पोकळ बोळ. आमच्याकडे त्याच्या भिंती काँक्रीटच्याच करतात, मजल्यामागे मजला, वरून ओळंबा सोडून. आतून गिलावा करत नाहीत. असा चार मजली कोरा बोळ कुजबुजलेलंसुद्धा वरपर्यंत नेतो.

"लिफ्ट चालली की हवा ढकलली जाते, तिचा आवाज असेल," मी म्हणालो.

"लिफ्ट उभी असताना येतो राव. सकाळी आत ओढल्यासारखा. सांजच्याला बाहेर सोडल्यासारखा. आमची मंडळी जिन्यानं जातात आता. तिसऱ्या मजल्यावरची सून तर डक्टच्या भिंतीला लागून झोपत न्हाई."

पुण्याहून आलेला लिफ्टचा मेकॅनिक तिथेच होता. त्याने लिफ्ट वर नेऊन अडकवली होती आणि खड्ड्यात पंप सोडला होता. मला बघून म्हणाला, "काका, पाणी उपसलं की तेवढंच परत येतं. त्या खुणेपर्यंत. वर नाही, खाली नाही. आणि हे बघा, पहिल्यांदा उपसलं तेव्हा वर तरंगत होतं."

त्याने एका पिशवीतून ओलं कापड काढलं. हिरवा खण होता. काठ अजून ओळखू येत होते. घडी घालून कशात तरी कोंबल्यासारखा पिळलेला, आणि आतल्या घडीत लाल डाग, कुंकवाचा.

जिन्यावर उभ्या असलेल्या बायका एकदम मागे सरल्या. मेकॅनिक हळूच म्हणाला, "दरवाजे लॉक होते काका. मी सर्व्हिसला आलो तेव्हा खाली काही नव्हतं."

मी खोटं लिहिणार नाही, माझ्याही अंगावर काटा आला. पण मी शिडीने उतरलो.

खाली गारवा होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत विहिरीत उतरल्यासारखा गारवा. पाणी घोट्याएवढं राहिलं होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. मी आधी भिंती पाहिल्या. भिंतीतून पाणी झिरपलं की ओघळ दिसतात, पांढरा शोरा फुटतो. एकही ओघळ नव्हता. सांध्याला हात फिरवला, कोरडा. पाण्याची खूण चारी बाजूंनी सरळ, पट्टीने आखल्यासारखी. म्हणजे पाणी बाजूने येत नव्हतं. खालून वर चढत होतं.

वर येऊन मी शेठना विचारलं, "कालव्याला आवर्तन कधी सुटलंय?"

"झाले की पंधरा-वीस दिवस."

धरणातून कालव्याला पाणी सुटलं की आसपासच्या जमिनीत पाणी चढतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांत इतकं चढलं नसेल. पण जमिनीतलं पाणी माझी पेटी फोडून आत कसं येईल? फरशी तडकली असती तर गढूळ पाणी झिरपलं असतं. स्वच्छ पाणी आणि सोबत कुंकवाचा खण येणार नाही. काँक्रीटमधून कापड पाझरत नाही.

मी शेठना म्हणालो, आवर्तन बंद होऊन पाणी उतरलं की खड्डा कोरडा होईल, तेव्हा मी परत येतो. तोवर माझ्या नावाने कुणी काही बोलायचं नाही. शेठ म्हणाले, "बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?" त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

परत गेलो तेव्हा खड्डा कोरडा झाला होता, आणि आवाज सुरू झाला होता.

शेतीच्या पंपांना त्या आठवड्यात दिवसा लाइट होती. मी सकाळी खाली उतरलो, मेकॅनिकने खड्ड्यातला बंद करायचा खटका दाबून ठेवला होता, म्हणजे वर कुणी काही केलं तरी लिफ्ट हलणार नाही. मी उकिडवा बसलो. थोडा वेळ काहीच नाही. मग दूर कुठेतरी मळ्यात मोटारी सुरू झाल्याचा घुमारा आला आणि त्याच्यामागोमाग माझ्या पायांजवळून कुणीतरी दम आत ओढला. लांब, बारीक, दातांतून ओढावा तसा. तो थांबेना. माणसाचा श्वास कुठेतरी संपतो, हा संपत नव्हता. वर चार मजले तोच आवाज फिरून परत माझ्या टाळूवर येत होता.

शिडी हाताशी होती. चढलो नाही ते केवळ रागापायी. या आवाजानेच माझी कामं घालवली होती.

वर ओरडून उदबत्ती मागितली. जिन्यावरच्या बाईने घाईघाईने आणून दिली. ती पेटवून मी तळाजवळ फिरवत गेलो. धूर सरळ वर जात होता. कोपऱ्यात लिफ्टचा तोल सांभाळणारं वजन वरखाली सरकतं, त्याच्या स्प्रिंगचं लोखंडी चॅनल आहे, त्याच्या मागे नेल्याबरोबर धूर वाकला आणि जमिनीत शिरला. जिथे बघायला मान मोडून आडवं व्हावं लागतं अशी जागा. तिथे गिलाव्याचा एक गोल तुकडा उडालेला होता आणि त्याखाली मनगटाएवढ्या पाइपचं तोंड. राफ्टच्या पातळीत सफाईने कापलेलं. कडेला हिरवे धागे चिकटलेले.

माझ्या दोन थरांच्या फरशीला भोक पाडून, गजांना बांधून, कुणीतरी तो पाइप खालच्या विहिरीत सोडला होता आणि त्यावर राफ्ट ओतला होता.

मी वर आलो आणि सरळ खुर्चीपुढे उभा राहिलो.

"आबा, पाइप कुणी टाकला?"

ते दाराकडेच बघत होते. "सापडला व्हय?"

"तुम्ही टाकलात?"

"मिस्त्रीकडून टाकून घेतला. तुमी गेल्यावर. वडलांनी खणलेली इहीर. बुजवली तरी तिचं तोंड कोंडायचं नसतं. आमच्यात असंच करत्यात. नळी ठिवायची, ती दम घेती. घरातल्या बाईनं वटी भरली, खण तोंडाशी ठिवला, वर जरासा माल लावला. कुणाला कळू नये म्हून."

"आणि मी चोर ठरलो!"

"तुमाला कोन चोर म्हनलं?"

"सगळा तालुका म्हणतोय!" माझा आवाज डक्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत गेला असणार. वरची दारं उघडल्याचे आवाज आले. मी खाली बसलो, तोंड त्यांच्या कानाशी नेलं. "आज तो पाइप बुजवतो. कायमचा."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. म्हातारा रडेल असं वाटलं होतं. तो सौदा करायला बसला होता.

"बुजवा. मग मी म्हननार, मला ठाव न्हाई. मिस्त्री सुरतेकडं गेलाय. पाइप तुमीच टाकला असंल, पानी काढायला. तुमी लोक टाकताच की."

खरं होतं. खोदलेल्या खड्ड्यातलं पाणी उपसायला आम्ही कधी कधी पाइप ठेवतो आणि शेवटी तो बंद करतो. म्हाताऱ्याने माझ्या धंद्यातला दोरच माझ्या गळ्यात टाकला.

"आणि नाही बुजवला तर?"

"तर मी चार लोकांत सांगतो. ह्या माणसाच्या कामाचा दोष न्हाई म्हून."

बराच वेळ आम्ही दोघं तिथे घासत बसलो. पैशाचं नाव निघालं नाही. शेवटी ठरलं ते असं: विहिरीचं तोंड उघडं राहील, पण खड्ड्यात नाही. पाइप वर चढवून जमिनीच्या वर, जोत्यातून बाहेर काढायचा. पाणी जमिनीत कितीही चढलं तरी पाइपच्या तोंडापर्यंत येणार नाही, मग खड्डा भरायचा प्रश्नच नाही. बदल्यात आबांनी सोसायटीच्या बैठकीत उभं राहून सांगायचं.

मेकॅनिक तयार होईना. "डक्टमध्ये लिफ्टच्या सामानाशिवाय दुसरं काहीही चालत नाही काका. नियम आहे." बरोबर बोलत होता. त्याच्याशीही घासलं. पाइप मोकळा ठेवायचा नाही, कोपऱ्यात काँक्रीटमध्ये गाडायचा, म्हणजे तो भिंतच झाला. आणि सरकणाऱ्या वजनापासून पुरेसं अंतर राहतंय हे त्याने स्वतः तपासायचं. तो कुरकुरत हो म्हणाला.

जुन्या पाइपभोवती राफ्टला खाच घेतली. त्यात पाण्याने फुगणारी पट्टी गुंडाळली आणि पटकन आवळणारं सिमेंट दाबून भरलं. त्यावर नवा पाइप जोडला, भिंतीत सळ्या रोवून कोपरा ओतला आणि वर जोत्यातून पाइप बाहेर काढून पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून तोंड खाली वळवलं. सगळं मी स्वतःच्या हाताने केलं, माणसांना वरून माल द्यायला सांगितला. जोडणी आवळायच्या क्षणी ते भोक माझ्या बोटांखाली ओढत होतं. ओल्या सिमेंटची कड आत वाकत होती. मी शिव्या देत दाबून धरलं, सिमेंट घट्ट होईपर्यंत. मग ओढ एकदम थांबली आणि भिंतीपलीकडे, बाहेर, सुरू झाली.

मेकॅनिकने लिफ्ट अगदी संथ खाली आणून अंतर पाहिलं आणि ती चालू केली. पुढच्या आवर्तनात मी मुद्दाम जाऊन पाहिलं. खड्ड्यात धूळ होती. तेव्हा मी शेठना म्हटलं, आता बैठक बोलवा.

बैठक पार्किंगमध्ये झाली, दिवस मावळायच्या आधी. सगळी घरं आली होती. मी बिल्डरलाही निरोप धाडला होता, तो आला नाही. आबा उठले, टोपी नीट केली.

"ह्या माणसाच्या कामात दोष न्हाई," ते म्हणाले. माझा ऊर भरून आला. मग पुढे म्हणाले, "इहीर कोंडली व्हती. ती रागावली, म्हून पानी वर आलं. ह्या पावण्याला ते आधी कळलं न्हाई. मग त्यानं खाली उतरून उदबत्ती लावली, माफी मागितली, तिला वाट करून दिली. आपल्या बायांनी बघितलंय. इहिरीनं त्याला माफ केलं. आता कुनी त्याला काय बोलू नका."

"आबा!" मी उभा राहिलो. "पाइपचं सांगा! राफ्टमधून पाइप कुणी टाकला ते सांगा!"

"सांगितलं की. दोष न्हाई म्हनलो."

"उदबत्ती धूर बघायला लावली होती! हवा कुठं जाते ते बघायला!"

"व्हय व्हय," जिन्याजवळची एक बाई समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आमी बघितलं भाऊ. लई मनापासून केलं तुमी."

कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. हसले असते तर भांडता आलं असतं. शेठ मान खाली घालून बसले होते. त्यांना खरं माहीत होतं, मीच समजावलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "जाऊ द्या राव. पाणी थांबलं ना."

मी ओरडलो. फरशीचे थर, सांध्यातली पट्टी, आवर्तन, मोटारी, सगळं ओरडून सांगितलं. जसजसा आवाज चढला तसतशी माणसं गप्प होत गेली आणि माझ्या मागे बघायला लागली. मला वाटलं, माझ्या बोलण्याने. मग माझ्या कानावर आलं.

शेतातली लाइट तेवढ्यात गेली असणार. मोटारी थांबल्या, मळ्यातल्या विहिरींबरोबर या बुजलेल्या विहिरीतलंही पाणी वर यायला लागलं आणि खालची हवा पाइपातून बाहेर पडू लागली. हे मी तिथल्या तिथे समजावू शकलो असतो. जोत्याच्या बाजूने तो सुस्कारा आला, खोल, ऊबदार, पोट भरलेल्या जित्राबासारखा, आणि लांबत गेला. पाइपाच्या तोंडाशी कुणीतरी आधीच फुलं ठेवली होती, त्यातल्या पाकळ्या हलत होत्या. सगळ्यांनी हात जोडले. आबांनी माझ्याकडे बघितलं, ठरलेलं चोख दिलं अशा नजरेने.

मी चपला घातल्या आणि गाडीकडे गेलो. किल्ली लावली. गाडी सुरू केली असती तर तिच्या आवाजात बाकीचं काहीच ऐकू आलं नसतं.

पण सुस्कारा संपेपर्यंत मी हँडल धरून नुसताच उभा राहिलो.